लोहगडाची नागमोडी वाट आणि शेजारचा डोंगर

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना मळवलीच्या दक्षिणेला दोन डोंगर एकमेकांना खेटून उभे दिसतात. एक लोहगड आणि दुसरा विसापूर. बोरघाटातून कोकणात उतरणाऱ्या वाटेवर या जोडगोळीची नजर होती. गडाची जागा कशी निवडली जाई, त्याचा दरवाजा कसा रचला जाई आणि एवढे करूनही गड का पडे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या एका ठिकाणी मिळतात.

आधी डोंगराविषयी. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेले हे थर जवळजवळ आडवे पसरले. त्यांतील काही थर घट्ट काळ्या कातळाचे, तर काही सच्छिद्र आणि ठिसूळ. पावसाने ठिसूळ थर लवकर झिजतो आणि त्याचा उतार होतो. घट्ट थर सहजी झिजत नाही; खालचा आधार सुटला की त्याचे मोठमोठे तुकडे उभे सुटून खाली कोसळतात आणि मागे ताशीव कडा उरतो. म्हणून आपल्याकडचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. आधी झाडीचा उतार, मग कडा, पुन्हा उतार, पुन्हा कडा आणि सर्वांत वर सपाट माथा.

दुर्ग बांधणाऱ्याच्या दृष्टीने अर्धे काम निसर्गानेच करून ठेवलेले असे. मैदानातल्या भुईकोटाला चारही बाजूंनी तट आणि खंदक लागतो. गिरिदुर्गाला तट लागतो तो कडा जिथे तुटला आहे, जिथे घळ आहे किंवा जिथून सोंड खाली उतरली आहे, तेवढ्याच ठिकाणी. कड्याखाली सुरुंग लावणे अवघड, त्याला शिड्या पुरत नाहीत आणि खालून डागलेला तोफेचा गोळा कातळावर आपटून वाया जातो. पाण्याचा प्रश्नही याच कातळाने सोडवला. माथ्यावर टाकी खोदली की पावसाळ्याचे पाणी त्यांत साठे आणि खोदताना निघालेला दगड तटबंदीच्या कामी येई. गडावर टाकी जास्त दिसली, तर तिथे शिबंदीही मोठी असावी असा अंदाज बांधायला हरकत नाही.

लोहगडाची विंचूकाटा नावाची सोंड याच दृष्टीने पाहावी. गडाच्या एका टोकातून निघालेली ही चिंचोळी माची सुमारे दीड किलोमीटर लांब आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना कडे आहेत. ती मोकळी सोडली असती, तर शत्रूला त्या टोकावर पाय रोवता आला असता. म्हणून ती गडात सामावून घेतली गेली. तिथून घाटमाथ्यावरच्या हालचालींवर लक्ष ठेवता येई.

मात्र कडा कितीही अभेद्य असला, तरी गडावर धान्य, दारूगोळा आणि माणसे चढायलाच हवीत. त्यासाठी कुठेतरी वाट ठेवावी लागते आणि जिथून मित्र चढतो तिथूनच शत्रूही चढतो. दुर्गबांधणीचे सारे कसब या एका दुखऱ्या जागेभोवती खर्ची पडले आहे.

लोहगडाला पायथ्यापासून वर एकामागे एक चार दरवाजे आहेत: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. हनुमान दरवाजा त्यांत सर्वांत जुना. इतरांच्या बांधकामात पेशवाईच्या उत्तरार्धात नाना फडणवीसांनी भर घातली. महादरवाजाजवळ उभे राहून खाली पाहिले, म्हणजे या रचनेचा अर्थ लख्ख कळतो. तटाला बिलगून वळणे घेत वर येणारी सगळी वाट पायाखाली उलगडलेली दिसते. चढणारा माणूस प्रत्येक वळणावर वरच्यांच्या नजरेत असतो, त्याला मात्र पुढचा दरवाजा दिसतही नाही.

इथे क्षणभर हल्लेखोराच्या जागी उभे राहावे. दरवाजा फोडण्याचे त्याचे मार्ग म्हणजे तोफ, हत्ती आणि ओंडक्याची धडक. तोफेला लक्ष्य समोर हवे. पण दरवाजा दोन बुरुजांच्या कवेत, वळणाआड दडवलेला असतो. यालाच गोमुखी रचना म्हणतात. बाहेरून दिसतात ते भरीव बुरूज, लाकडी दार नव्हे. हत्तीला आणि ओंडका घेऊन धावणाऱ्या माणसांना सरळ, सपाट जागा लागते. ती वळणाने आणि पायऱ्यांनी हिरावून घेतलेली असते. एवढ्यावरही कोणी दारापर्यंत पोहोचलाच, तर दाराच्या फळ्यांवर लोखंडी खिळे असत, मागे भिंतीतल्या खोबणीत सरकणारा जाड अडसर असे आणि रोजच्या ये-जा साठी ठेवलेल्या दिंडी दरवाजातून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत येऊ शके.

पहिला दरवाजा पडला तरी खरी अडचण तिथून पुढे सुरू होई. दोन दरवाजांमधल्या चिंचोळ्या वाटेत हल्लेखोर कोंडला जाई. एका बाजूला तट, दुसऱ्या बाजूला उतार आणि माथ्यावरून जंग्यांतून येणारी गोळी. तिथे दगड लोटायलाही फार माणसे लागत नसत. शेकडोंची फौज असली तरी वळणावर लढतात ते पुढचे चारपाचच, बाकीचे नुसते मागे दाटी करून उभे. थोडक्या शिबंदीने मोठ्या सैन्याला महिनोन्‌महिने थोपवले, त्याचे गणित हे आहे.

म्हणूनच जाणता सेनानी दरवाजाच्या वाटेला फारसा जात नसे. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्यावर, म्हणजे सिंहगडावर, कड्याने चढले, कारण पहारा दाट होता तो दरवाजांवर. दुसरा उपाय फितुरीचा किंवा पैशाचा. तिसरा उपासमारीचा.

चौथा उपाय या दरवाजांच्या रचनेला पूर्ण निरुत्तर करणारा होता: शेजारची उंच जागा. 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदरला वेढा घातला, तेव्हा आधी लगतचा वज्रगड घेतला आणि तिथल्या तोफांच्या माऱ्याखाली पुरंदरची माची आणली. वळणे, अडसर, खिळे हे सारे खालून येणाऱ्यासाठी असते. बरोबरीच्या डोंगरावरून येणाऱ्या गोळ्याला त्यांची आडकाठी होत नाही.

लोहगडाचा माथा सुमारे 1,033 मीटर उंचीवर आणि विसापूरचा माथा सुमारे 1,084 मीटर. म्हणजे हाच धोका इथे कायम शेजारी उभा होता आणि बांधणाऱ्यांना तो ठाऊक होता. विसापूरवर वेगळी तटबंदी आणि शिबंदी ठेवली गेली, ती उगाच नव्हे. दोन्ही गड हाती असेपर्यंत ही जोडी भक्कम होती. एक गेला की दुसऱ्याचे दिवस भरलेच.

मार्च 1818 मध्ये पेशवाईच्या अखेरच्या युद्धात कर्नल प्रॉथरच्या इंग्रजी तुकडीने नेमके हेच केले. लोहगडाच्या चार दरवाजांशी झुंजण्याऐवजी तिने आधी विसापूर घेतला. त्यानंतर लोहगडाच्या शिबंदीला गड राखता आला नाही. युद्धानंतर इंग्रजांनी विसापूरचे दरवाजे सुरुंगाने उडवले; आज तिथे ढिगाऱ्यावरून चढावे लागते. लोहगडाचे चारही दरवाजे मात्र शाबूत आहेत.