चार विसा आणि फ्रेंचांचे ऐंशी

सोलापुरात संख्या तीन भाषांत कानी पडतात. पंच्याहत्तर ही संख्या घ्या. कन्नडभाषक तिला ‘एप्पत्तैदु’ म्हणतो, तेलुगुभाषक ‘डेब्बै ऐदु’. दोघेही आधी सत्तर उच्चारतात आणि मग पाच. मराठीत मात्र पाच पुढे येतात आणि सत्तर मागून. त्यातही ‘सत्तर’ सत्तर राहत नाही, ‘हत्तर’ होते. प्राकृतात ‘स’चा ‘ह’ झाला, त्याची ही खूण. नव्वदीत तर मूळ शब्द जवळजवळ लोपतो. ‘पंच्याण्णव’ ऐकून त्यात नव्वद आहे हे ओळखण्यास मुलाला सवयच हवी. घरी कन्नड वा तेलुगु बोलणारे मूल मराठी शाळेत आले की ७५ ऐकून ५७ लिहिते, ते याचमुळे. त्याची चूक गणिताची नसते, क्रमाची असते.

२०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असे वाचन आले, आणि महाराष्ट्रात वादळ उठले. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते: लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम उलटे असल्याने, शिवाय जोडाक्षरांमुळे, लहान मुले अडखळतात. जुने वाचन पुस्तकातून काढलेलेही नव्हते. तरीही भाषेचा घात होतो आहे, अशी भावना अनेकांची झाली.

असाच प्रश्न फ्रान्समध्येही उभा राहिला होता. फ्रेंचांना सत्तर, ऐंशी आणि नव्वद या तीन संख्यांसाठी स्वतंत्र शब्दच वापरात नाहीत. सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’ (स्वासाँत-दीस), ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’ (कात्र-व्हँ), नव्वद म्हणजे ‘चार-वीस-दहा’. म्हणून पंच्याण्णव सांगताना ते ‘चार-वीस-पंधरा’ म्हणतात. लॅटिनपासून सरळ आलेले ‘सेप्ताँत’ व ‘नोनाँत’ बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये आजही रूढ आहेत. हिशेब शिकविणे सोपे जावे म्हणून फ्रान्सच्या शिक्षण खात्याने १९४५ साली सेप्ताँत, ओक्ताँत, नोनाँत वापरण्याची सूचना केली. लोकांच्या जिभेवर मात्र ती रुळली नाही.

विसांची ही मोजणी आपल्याला परकी वाटू नये. आपल्याकडील जुन्या पिढीची खेड्यातील माणसे सत्तरला ‘तीन विसा नि दहा’ म्हणत, ऐंशीला ‘चार विसा’. मध्ययुगीन फ्रेंचही अशीच मोजणी करी. पॅरिसमध्ये नवव्या लुईने तेराव्या शतकात तीनशे अंधांसाठी आश्रम स्थापिला. त्याचे नाव ‘पंधरा विसा’, कँझ-व्हँ, आणि तेथील नेत्ररुग्णालय आजही त्याच नावाने चालते.

‘वीस’ एकाहून अधिक झाली की आपण ‘विसा’ म्हणतो. फ्रेंचमध्ये तेच काम ‘एस’ हे अक्षर करते. चार विसा म्हणजे अनेकवचन, म्हणून ‘व्हँ’ला शेवटी ‘एस’ लागतो. त्याचप्रमाणे ‘त्र्वा साँ’, म्हणजे तीनशे, यातील ‘साँ’लाही लागतो. पण पुढे दुसरी संख्या आली की ‘एस’ गळतो. ३८० लिहिताना शंभराच्या शब्दापुढे ऐंशी आहे, म्हणून त्याला ‘एस’ नाही. ऐंशीपुढे काही नाही, म्हणून तेथे आहे. ३८१ मध्ये दोहोंनाही नाही. हजार हीही संख्याच मानली जाते, म्हणून ऐंशी हजारांत ‘एस’ नाही. दशलक्षाचा शब्द मात्र नाम आहे, त्याच्यापूर्वी तो टिकतो. ‘ऐंशीवे पान’ या अर्थाने ‘पान ऐंशी’ म्हटले तर तेथे मोजणी नसून क्रम आहे, म्हणून पुन्हा ‘एस’ नाही.

एरवी हा ‘एस’ मुका असतो. पुढे स्वर आला की मात्र ‘झ’सारखा ऐकू येतो. ‘ऐंशी वर्षे’ म्हणताना फ्रेंच माणूस ‘कात्र-व्हँ-झाँ’ म्हणतो, पण एक्याऐंशीला ‘कात्र-व्हँ-अँ’, मध्ये ‘झ’ नाही. चूक कळते ती येथे.

नियम अवघड वाटला तर आपलेच ‘शंभर’ आठवावे. संख्या तेथेच संपत असेल तर ‘शंभर’; पुढे एकही मिळाला की ‘एकशे एक’. ‘शंभर एक’ म्हटले तर ‘सुमारे शंभर’ असा निराळाच अर्थ होतो. संख्या पुरी झाली की पुढे चालू आहे, हे आपणही शब्दाचे रूप बदलूनच सांगतो, आणि ते आपल्याला कोणी नियम म्हणून शिकविलेले नसते.

२०१९च्या वादात दोन्ही बाजूंनी काही खरे होते. ‘पंच्याहत्तर’मध्ये प्राकृताचा इतिहास आहे आणि तो जपावासा वाटणे योग्यच. पण सोलापूरच्या वर्गातील ज्या मुलाच्या घरी ‘एप्पत्तैदु’ बोलतात, त्याला ‘सत्तर पाच’ हे त्याच्याच मोजणीचे मराठी रूप वाटले असते. त्या पायरीवर काही दिवस उभे राहून ते ‘पंच्याहत्तर’पर्यंत आले असते, तर मराठीचे काय गेले असते?