तीन मिनिटांची तबकडी आणि कथागीत

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि आपल्या गायकांची गाठ घड्याळाशी पडली. तासन्‌तास रंगणाऱ्या मैफलीला आता लाखेच्या तबकडीत मावावयाचे होते. दहा इंची तबकडीवर सुईच्या वाटेचे सुमारे अडीचशे वेढे बसत. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. म्हणजे एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मिळत. शिवाय आतल्या वेढ्यांत सुईखालून सरकणारी वाट आखूड होत जाई आणि आवाज किंचित दबे. कथागीताचा कळस नेमका तेथेच येणार! म्हणून जाणता ध्वनिमुद्रक तीन मिनिटांतच गाणे आटोपावयास सांगे.

ख्याल किंवा ठुमरी आखडता येते; आलाप कमी केला, ताना मोजक्या घेतल्या, की झाले. कथा सांगणाऱ्या गीताचे तसे नाही. त्यातले एक कडवे गळले तर साखळीचा दुवाच निखळतो. आपले पोवाडे आणि कथागीते उघड्या चौकात वाढली. तेथे कोणी उशिरा येई, कोणाला नीट ऐकू येत नसे. म्हणून शाहीर एकच गोष्ट दोनदा, तीनदा फिरवून सांगे. ती पुनरुक्ती तेथे गुणच होती. तबकडीचा श्रोता मात्र आरंभापासून ऐकतो आणि हवे तर पुन्हा सुई ठेवतो. तेव्हा कात्री लावावयाची ती प्रथम या पुनरुक्तीला.

उदाहरणासाठी रायगडच्या हिरकणीची आख्यायिका घेऊ आणि तिच्यावर रचलेले पाच मिनिटांचे गीत कल्पू. आरंभीचे वादन पंधरा सेकंदांचे. दोन ओळींचे ध्रुवपद, म्हणजे बाळाची हाक, पंधरा सेकंदांचे. ते सात वेळा येते. चार ओळींचे कडवे अर्ध्या मिनिटाचे. अशी सहा कडवी. बेरीज बरोबर तीनशे सेकंद.

आता प्रत्येक कडव्यासमोर एकच प्रश्न मांडावा: याने नवे काय घडले? पहिल्यात दोन ओळी पहाटेचे वर्णन. पुढच्या दोन ओळींत ती बाळाला निजवून दूध घेऊन गडावर जाते. दुसऱ्यात सूर्यास्ताबरोबर दरवाजे मिटतात आणि पहारेकरी ते उघडीत नाहीत. तिसऱ्यात वासरासाठी हंबरणारी गाय. चौथ्यात पिलासाठी तळमळणारी पक्षीण. पाचव्यात ती कडा उतरते. सहाव्यात महाराज तिचे कौतुक करतात आणि त्या जागी बुरूज बांधवितात.

येथे तिसरे आणि चौथे कडवे एकच भाव दोन उपमांनी सांगतात. गवळणीच्या तोंडी गाय अधिक शोभते. म्हणून तिच्या दोन ओळी ठेवाव्या, पक्षीण सोडून द्यावी. पहाटेच्या दोन ओळीही जाव्यात. उरलेल्या आठ ओळींची दोन कडवी होतात. पहिल्यात निजलेले बाळ, दूध आणि मिटणारे दार. दुसऱ्यात विनवणी, नकार आणि गाय. जोडलेल्या ओळींचे यमक मात्र नव्याने जुळवावे लागते. ध्रुवपद तीनदाच यावे: आरंभी, दार मिटल्यावर आणि अखेरीस. मधली हाक आता नुसती आठवण राहत नाही. ती हिरकणीला कड्याकडे खेचते. चार कडव्यांचे एकशेवीस, ध्रुवपदाचे पंचेचाळीस, वादनाचे पंधरा. तीन मिनिटे भरली.

परंतु पुनरुक्ती समजून दुवाच कापला जाण्याचे भय असते. ‘त्या कड्याला तट नव्हता, कारण तेथून कोणी उतरेल असे कोणाला वाटले नव्हते,’ अशा अर्थाची ओळ केवळ वर्णन भासते. ती काढली तर शेवटी बुरूज का बांधला, हेच कळेनासे होते. मार्टी रॉबिन्स यांच्या १९५९ च्या ‘एल पासो’ या साडेचार मिनिटांहून मोठ्या अमेरिकन कथागीताची आखूड आवृत्ती काढताना नायकाच्या पश्चात्तापाचे कडवे वगळले गेले. पश्चात्ताप ही पुनरुक्ती नव्हती; श्रोत्यांनी पूर्ण गाणेच अधिक पसंत केले.

म्हणून कापलेले गीत, ते पूर्वी न ऐकलेल्या माणसाला एकदाच ऐकवावे आणि त्याच्याकडून कथा वदवून घ्यावी. ‘ती दारातून का गेली नाही?’ आणि ‘बुरूज कशासाठी बांधला?’ या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने अडखळत दिली, तर कात्री चुकली. ती उत्तरे त्याच्या तोंडून सहज आली आणि पक्षिणीची उणीव त्याला जाणवलीच नाही, तर गीत तबकडीवर चढवावयास हरकत नाही.