‘लोभ असावा’ आणि ‘काइंड रिगार्ड्स’

ईमेलअखेरच्या ‘काइंड रिगार्ड्स’साठी आपण ‘लोभ असावा’ लिहितो, पण इथे दिशाच उलटते. इंग्रजी लेखक आपला सद्भाव धाडतो. मराठी लेखक समोरच्याचा लोभ मागतो.

पेशवेकालीन पत्रांत बरोबरीच्यास ‘बहुत काय लिहिणे? लोभ असो दीजे, हे विनंति’ असे लिहीत; हाताखालच्यास कोरडे ‘जाणिजे’. त्यामुळे मायना फाटलेल्या पत्रातही शेवटावरून नाते बरेचसे उमगते.

‘आपला विश्वासू’ मात्र ‘युअर्स फेथफुली’च्या साच्यातले, कचेरीतून रुळलेले. इंग्रजीत ते ‘डिअर सर’नंतर येते, मायन्यात आडनाव घातले, की ‘सिन्सिअरली’. मराठीने हा भेद घेतलाच नाही. सख्ख्या काकांना ‘आपला विश्वासू’ लिहिलेले पत्र मी पाहिले आहे!