हार्वर्ड संदर्भशैली : विभागीय पुस्तिका

मजकुरात लेखकाचे आडनाव व वर्ष आणि शेवटी आडनावांच्या क्रमाने सूची, या पद्धतीला हार्वर्ड शैली म्हणतात. तिचा उगम हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या निबंधात मानला जातो. हार्वर्ड विद्यापीठाने मात्र तिची अधिकृत नियमावली काढलेली नाही. त्यामुळे ‘प्रमाण’ म्हणून सहसा पियर्स व शील्ड्स यांचे ‘साइट देम राइट’ पुढे केले जाते, आणि विभाग त्यात आपापले फेरफार करतात. प्रबंध तपासताना विभागाची पुस्तिका आधी पाहिली जाते. ती जिथे गप्प असेल, तिथे तिनेच नाव घेतलेला ग्रंथ वापरायचा.

मोखाड्याच्या वारली पाड्यांवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी के. जे. सावे यांचे १९४५ चे ‘द वारलीज’ वापरतो असे समजा. पान २३ चा दाखला प्रमाण ग्रंथाप्रमाणे (सावे, १९४५, पृ. २३) असा येईल. मानववंशशास्त्रात (सावे १९४५: २३) हे रूपही रूढ आहे. विभागाला तेच हवे असेल तर स्वल्पविराम आणि ‘पृ.’ दोन्ही जातात, आणि तेही प्रत्येक दाखल्यातून. अर्धे असे, अर्धे तसे राहिले की परीक्षकाला ते पहिल्या दहा पानांतच दिसते. फेरफार फक्त मांडणीचा असतो, मूळ तपशिलाचा नाही. १८८२ च्या गॅझेटियरच्या शीर्षकात ‘ठाणा’ आहे. मोखाडा २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे म्हणून ते बदलायचे नाही.

खरी अडचण मुलाखतींची. ‘साइट देम राइट’ खासगी संभाषणही नाव व तारखेसह सूचीत घालायला सांगते. पाड्यावरच्या बाईने नाव न छापण्याच्या अटीवर रेशनबद्दल सांगितले असेल तर ही नोंद तो शब्द मोडते. म्हणून काही विभाग असे संभाषण सूचीबाहेर ठेवून मजकुरात ‘मुलाखत ४, मोखाडा तालुका’ एवढेच लिहायला लावतात. इथे विभागाचा नियम नुसता बंधनकारक नाही, अधिक शहाणपणाचाही आहे. पुस्तिकेत याबद्दल काहीच नसेल, तर मार्गदर्शकांचे उत्तर ईमेलवर लेखी घ्यावे आणि प्रबंधाच्या पद्धतीविषयक प्रकरणात एका वाक्यात नोंदवावे.

झोटेरोसारखे सॉफ्टवेअर तयार शैलीच लावते; विभागाचे फेरफार त्याला ठाऊक नसतात. हाताने केलेल्या दुरुस्त्या पुढच्या अद्ययावतीकरणात पुसल्या जाऊ शकतात. त्यासाठी एक तर शैलीची फाइलच बदलून घ्यावी, नाहीतर मजकूर पक्का झाल्यावर सॉफ्टवेअरचा दुवा तोडून, प्रतीवर, शेवटचा हात फिरवावा.