तहबाजारीची पावती आणि पाटीमागचं माणूस

मराठवाड्यातल्या एखाद्या बाजारगावाचा इतिहास लिहायला बसलं की तहबाजारी लवकरच आडवी येते. बाजाराच्या जागेवर बसण्याबद्दल द्यायचे हे पैसे. शब्द निजामी अमलातून आपल्याकडे रुळला आणि १९४८ मध्ये तो अंमल गेला तरी शब्द मागे राहिला. वसुलीचा लिलाव होतो, ठेकेदार ठरतो, त्याचा माणूस प्रत्येक पाटीपुढे जाऊन पैसे घेतो आणि पावती फाडतो. पावतीवर तारीख असते, रक्कम असते. पाटीमागं कोण बसलं होतं, हे त्यावर नसतं.

अंबडच्या बाजाराविषयी काही वर्षं मी टिपणं काढतो आहे. इथल्या मत्स्योदरी देवीविषयी, नवरात्रातल्या यात्रेविषयी, होळकरांच्या संबंधाविषयी वाचायला मिळतं. यात्रेत नारळ, बांगड्या, रेवड्या विकणाऱ्यांचा उल्लेखही ‘दुकाने थाटली जातात’ अशा कर्मणी वाक्यात येऊन जातो. थाटणारा कोण, त्यानं माल कुठून आणला, काय भावानं घेतला, न खपलेल्याचं काय केलं, याची नोंद नाही. मग अलीकडच्या वर्तमानपत्री कात्रणांकडे वळलो. तिथं माणूस आहे, पण त्याच्यावर दयेचा इतका जाड थर आहे की खालचा धंदा दिसत नाही. उन्हातान्हात बसणारी म्हातारी, सुरकुतलेले हात, पोटाची खळगी. ही वाक्यं अंबडच्या बाईविषयी लिहिली काय आणि अकोल्याच्या बाईविषयी लिहिली काय, बदलावं लागत नाही काही. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा मजकुराचा उपयोग शून्य. लेखकाला त्या दिवशी कसं वाटलं एवढंच त्यातून कळतं.

याच्या उलट लिहिलेलं काही आहे का, हे शोधताना मी फार मागे आणि फार दूर गेलो. हेन्री मेह्यू हा लंडनचा पत्रकार. १८४९ पासून त्यानं ‘मॉर्निंग क्रॉनिकल’मध्ये कष्टकऱ्यांवर लेखमाला लिहिली आणि त्यातूनच पुढे ‘लंडन लेबर अँड द लंडन पुअर’ हा ग्रंथ उभा राहिला. त्यात आठ वर्षांची एक मुलगी आहे. ती रस्त्यावर वॉटरक्रेस विकते. ही ओढ्याकाठी वाढणारी, कच्ची खायची तिखटसर पालेभाजी. आपल्या हळिवाची लांबची नातेवाईक म्हणता येईल.

मेह्यू तिच्याशी बोलायला सुरुवात करतो ती लहान मूल समजून. खेळण्यांविषयी विचारतो, बागांविषयी विचारतो. मुलीला त्यातलं काही समजत नाही. बागा कुठं आहेत, आपल्यासारख्यांना आत सोडतील का, असं ती उलट विचारते. इथं एखादा कच्चा लेखक डोळे पुसून थांबला असता. मेह्यू स्वतःची फजिती पानावर तशीच ठेवतो आणि मुलीला तिच्या धंद्याविषयी बोलू देतो. मग पानाचा नूरच पालटतो. एका पेनीत किती भाजी यायला हवी हे ती मापानं सांगते: न सांडता दोन्ही हातांच्या कवेत मावेल इतकी. तीन पेन्यांत मांडी भरेल इतकी, सहा पेन्यांत टोपली ठेचून भरेल इतकी. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण एका शिलिंगाच्या किती पेन्या होतात हा प्रश्नच तिला अडाणीपणाचा वाटतो. गोळ्या-साखर खाण्यात पैसे घालवणं हे पोरांचं काम, ज्याला पोट भरायचं आहे त्याचं नव्हे, असंही ती सुनावते. स्वतःचे पैसे ती कपड्यांसाठी भिशीसारख्या मंडळात टाकते.

दयेविषयीही ती बोलते. रस्त्यात आपली कीव कुणी करत नाही, म्हणते. एकाच गृहस्थानं केली. इतक्या पहाटे बाहेर काय करतेस, असं विचारलं आणि काही न देता निघून गेला. मेह्यू यावर एक शब्दही बोलत नाही. पावणेदोनशे वर्षांनंतर लंडनच्या बाजाराचा अभ्यासक त्या पानातून घाऊक माप, किरकोळ भाव, विक्रीची वेळ आणि बचतीची रीत काढू शकतो, आणि त्याच पानात एक करारी, थोडी फटकळ मुलगीही त्याला भेटते. धंद्याचा तपशील आणि स्वभाव तिथं वेगळे काढता येत नाहीत. तिचा स्वभाव तिच्या मापातच आहे.

मराठीत साध्या माणसाला कीव न करता पानावर आणण्याची वाट व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’नं १९४९ साली मोकळी केली, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. पण रस्त्यावरच्या विक्रेत्याचं चित्र म्हणून ज्या मराठी माणसावर सगळ्यात जास्त लिहिलं गेलं असेल, तो आहे दिल्लीत. लक्ष्मणराव. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. सूतगिरणीतलं काम सुटल्यावर भोपाळमार्गे दिल्लीला गेले, मजुरी केली, पान-विडी विकली आणि पुढे हिंदी भवनाजवळ फुटपाथवर चहा विकत बसले. रस्त्याचं नाव विष्णु दिगंबर मार्ग. म्हणजे कुरुंदवाडच्या पलुसकरांच्या नावाच्या रस्त्यावर तळेगावचा माणूस चहा करत होता; हा योगायोग कुणी बातमीदारानं टिपलेला मी पाहिला नाही. १९७९ साली त्यांची पहिली हिंदी कादंबरी निघाली. प्रकाशक दारात उभं करेनात म्हणून त्यांनी पुस्तकं स्वतःच छापली. १९८४ मध्ये त्यांची इंदिरा गांधींशी भेट झाली.

त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांचा साचा एकच आहे: चहावाला, आणि तरीही लेखक. सगळी गंमत त्या ‘तरीही’वर उभी असते, आणि तो शब्द म्हणजे दयेचाच धाकटा भाऊ. चहा विकणाऱ्याकडून अक्षराची अपेक्षा नव्हती, ती आपली अपेक्षा मोडली, याचं कौतुक. लक्ष्मणरावांनी मात्र मुलाखतींतून एक प्रसंग बातमीदारांच्या हाती दिलेला आहे. ते सायकलवरून शाळांत, ग्रंथालयांत पुस्तकं विकायला जात. धुळीनं माखलेला माणूस पाहून समोरचा त्याला विक्रेताच समजे, आणि लेखक आपणच आहोत हे ते आपणहून सांगत नसत. विचारलं तर सांगत. मग खुर्ची पुढे येई. या प्रसंगात माणूस सबंध आहे. त्याला पुस्तक खपवायचं आहे, पण ओळखीच्या भांडवलावर नाही. कुठल्या लेखात हा प्रसंग सविस्तर येतो आणि कुठल्या लेखात ‘संघर्षमय जीवन’ या दोन शब्दांत गुंडाळला जातो, एवढं पाहिलं तरी लिहिणाऱ्याची पारख होते.

हे सगळं मनात ठेवून मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी अंबडच्या बाजारात एका मोसंबीवाल्या मावशींपाशी बसलो. आंबे बहाराची मोसंबी यायला लागली होती. मी तीन वेगवेगळ्या वेळांना गेलो: सकाळी माल उतरताना, दुपारी गर्दीत आणि दिवे लागायच्या सुमारास. एकाच वेळी गेलं तर विक्रेता बसलेलाच दिसतो, आणि बसलेल्या माणसाची कीव पटकन येते. तीन वेळा गेलं की तो ठरवताना दिसतो. प्रश्न शक्यतो विचारायचे नाहीत, असंही ठरवलं होतं. प्रश्नाला माणूस उत्तर देतो ते आपल्याकडे पाहून. गिऱ्हाइकाशी बोलतो ते धंद्याकडे पाहून.

सकाळी तीन क्रेट उतरले, साठ किलो, पंचवीस रुपयांनी घेतलेले, म्हणजे दीड हजारांचा माल. त्यातली बरीच मोसंबी डागी होती. बागवानाकडून लांबच्या बाजाराला जाणारा व्यापारी साफ सालीचं फळ उचलतो, डागी मागे राहतं. मावशी तेच घेतात. डाग सालीवर, रसाला काही झालेलं नसतं. क्रेट ओतल्यावर त्यांनी प्रत्येक फळ तळहातावर क्षणभर तोललं आणि दोन ढीग केले. मला वाटलं साफ आणि डागी. ढीग नीट पाहिल्यावर लक्षात आलं, वाटणी वजनाची होती. आकाराच्या मानानं जड ते चाळीसच्या ढिगात, मग डागी का असेना. हलकं, जाड सालीचं, ते तीसच्या ढिगात.

दुपारी एका तरुणानं तीसच्या ढिगातली चकचकीत फळं निवडली. मावशींनी त्यातली दोन काढून घेतली.

“ही नको नेऊस बाबा. दिसायलीत चांगली, रस नाही त्यांच्यात. आजारी माणसाला न्यायलास ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“दवाखान्याची पिशवी हाये हातात.”

त्या दोन फळांच्या जागी जड ढिगातली दोन आली. पैसे तीसच्याच भावानं घेतले. पुढच्या गिऱ्हाइकानं हे पाहून चाळीसच्या ढिगाला तीसचा भाव मागितला, तेव्हा मावशींनी नुसतं दुसरीकडं पाहिलं. उदार, दयाळू असं एखादं विशेषण मी पहिल्या प्रसंगाला लावलं असतं तर दुसरा प्रसंग लिहिता आला नसता. आणि दोन्ही मिळूनच त्या मावशी होतात.

तिसऱ्या प्रहरी साडेचारच्या सुमाराला, शेजारच्या गाड्यांवर भाव टिकून असताना, त्यांनी उरलेला सगळा माल वीसवर आणला. कारण बसस्थानकाकडं चाललेल्या माणसांत होतं. खेड्याकडच्या गाड्या सुटायच्या आत गावोगावचं गिऱ्हाईक जातं. नंतर उरतं ते गावातलं, पाव-अर्धा किलो घेणारं. तोवर चाळीसच्या भावानं चाळीस किलो आणि तीसच्या भावानं बारा किलो गेलं होतं. दोन किलो दबून वाया गेलं होतं. राहिलेलं सहा किलो रसवाल्यानं एकदम उचललं. आले दोन हजार ऐंशी. त्यातून माल दीड हजार, रिक्षा दीडशे आणि जागेचे वीस वजा जाता चारशे दहा. ‘दिवसभर राबून अवघे चारशे दहा’ असं वाक्य इथं आपोआप पेनाच्या टोकाशी येतं. ‘अवघे’ हा शब्द मात्र त्या हिशेबात कुठंच नव्हता. मावशींनी नोटा मोजल्या त्या दोन वेगळ्या घड्या करून. दीड हजारांची घडी कमरेला गेली, उद्याच्या मालाची. ती दुसऱ्या कशालाच हात लावू द्यायची नव्हती.

लिहून झाल्यावर मजकूर त्यांना वाचून दाखवला. बाजारात, गिऱ्हाइकं सांभाळत त्यांनी ऐकला. नाव घालू का, असं विचारलं.

“नावाला काय करायचंय? भाव लिहिलाव का?”

“लिहिलाय. चाळीस, तीस, वीस.”

“मग महिना पण लिवा. फागुनात हाच भाव ऱ्हात नाही. कुणी वाचलं तर म्हणंल, बाई लुटायली.”

महिना घातला. आश्विन.