ताठरता, अनैच्छिक (किशोरवयीन)
लैंगिक विचार मनात नसतानाही शिश्नात रक्त साठून ते ताठ होणे. वयात येताना टेस्टोस्टेरॉन वाढते आणि मज्जारज्जूच्या खालच्या भागातून चालणारी ही प्रतिक्षिप्त क्रिया सहज सुरू होते. बसचे हादरे किंवा कपड्यांचा स्पर्शही पुरतो. त्यात मुलाचा दोष नसतो. गणिताच्या तासाला फळ्याकडे बोलावणे आले की मुलगा कानकोंडा होतो. अशा वेळी वही कमरेशी धरावी, बसलेले असल्यास दप्तर मांडीवर घ्यावे आणि मनात सतराचा पाढा म्हणावा. लक्ष दुसरीकडे वळले की ताठरता बहुधा काही मिनिटांत ओसरते. वय वाढते तसे हे प्रसंग कमी होतात. ताठरता चार तासांहून अधिक टिकल्यास मात्र लाज न बाळगता तातडीने रुग्णालयात जावे.