कुळाचे बेदखलीपासून संरक्षण (कळवण तालुका)

कुळाचे बेदखलीपासून संरक्षण म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची शेतजमीन कायदेशीरपणे कसणाऱ्या व्यक्तीस जमीनमालकाने स्वतःच्या मर्जीने जमिनीवरून काढू नये, यासाठी कायद्याने केलेली तरतूद होय. नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका पूर्वीच्या मुंबई प्रांतात होता. त्यामुळे तेथे मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ लागू झाला. या अधिनियमाचे नाव २०१२ मध्ये महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम असे झाले. बोलीत तो ‘कूळ कायदा’ म्हणून ओळखला जातो. कळवण तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. म्हणून तेथे कुळाचा प्रश्न आदिवासींच्या जमिनींसंबंधीच्या कायद्यांशीही जोडलेला आहे.

पार्श्वभूमी

कुळांना संरक्षण देणारा पहिला व्यापक कायदा मुंबई प्रांतात १९३९ मध्ये झाला. १ जानेवारी १९३८ किंवा १ जानेवारी १९४५ या तारखेपूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्यास ‘संरक्षित कूळ’ मानण्यात आले. १९४८ च्या अधिनियमाने हे संरक्षण पुढे चालू ठेवले. १९५६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि तिच्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन स्वतः कसत असलेले कूळ, काही अपवाद वगळता, त्या जमिनीचा खरेदीदार झाले असे कायद्याने मानले. ही दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचा दावा करून काही जमीनमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने श्रीराम रामनारायण मेधी या प्रकरणात ती वैध ठरवली.

कूळ कोणास म्हणावे

लेखी करार नसला तरी माणूस कूळ ठरू शकतो. अधिनियमाच्या कलम ४ नुसार, दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारी व्यक्ती कूळ असल्याचे मानले जाते; मात्र जमीन मालक स्वतः कसत नसला पाहिजे. या नियमाला तीन अपवाद आहेत. मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती, ताबागहाणदार आणि मजुरीवर काम करणारा नोकर किंवा मालकाच्या देखरेखीखालील मजूर यांना कूळ मानले जात नाही.

तिसऱ्या अपवादाच्या शब्दांत एक महत्त्वाचा बारकावा आहे. नोकराची मजुरी रोख असो वा धान्यरूपाने, तो कूळ नव्हे. परंतु ज्याचा मोबदला पिकाचा हिस्सा आहे, तो या अपवादात बसत नाही. वर्षाच्या ठरावीक पगारावर राहणारा सालदार आणि निम्म्या वाट्याने जमीन करणारा बटाईदार यांच्यातील कायदेशीर फरक येथे आहे. बी-बियाणे कोणी आणले, पेरणी-काढणीचे निर्णय कोणी घेतले, नुकसान कोणी सोसले आणि वाटा कसा ठरला, या गोष्टींवरून दोघांतील भेद ओळखता येतो. मालक बटाईदाराला ‘सालदार’ म्हणत असेल, तरी केवळ त्या नावाने तो सालदार ठरत नाही.

‘कायदेशीरपणे कसणारी’ हे शब्दही तितकेच महत्त्वाचे आहेत. जमिनीत घुसखोरी करणाऱ्यास कूळ म्हणता येत नाही. उलट, मालकाच्या वतीने जमीन देण्याचा अधिकार असलेल्याकडून जमीन घेतली असेल, तर संरक्षण मिळू शकते. गहाणदाराने लावलेल्या कुळासही गहाण सुटल्यावर काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने दह्यालाल विरुद्ध रसूल महंमद अब्दुल रहीम या प्रकरणात ठरवले.

मालकाला जमीन परत कधी मागता येते

कूळ हटवण्याची कारणे कायद्याने मर्यादित केली आहेत. कलम १४ नुसार खंड वेळेवर न देणे, जमिनीचे कायमचे नुकसान करणे, जमीन परस्पर पोटकुळास देणे किंवा तिचे तुकडे करणे, ती स्वतः न कसणे आणि शेतीव्यतिरिक्त कामासाठी वापरणे, ही ती कारणे होत. त्यांपैकी एखादे कारण घडले तरी मालकाने प्रथम तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते.

खंड थकल्यास आणखी एक संधी असते. तहसीलदारासमोर प्रकरण चालू असताना थकबाकी व खर्च भरला, तर कूळ कायम राहते. तीन वर्षांचा खंड थकला असेल आणि प्रत्येक वेळी मालकाने मुदतीत लेखी कळवले असेल, तर ही सवलत मिळत नाही.

जमीन स्वतः कसण्यासाठी परत घेण्याची मुभा मालकाला होती, पण तिला मुदत होती. नोटीस ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत आणि अर्ज ३१ मार्च १९५७ पर्यंत करायचा होता. शिवाय कुळाकडे निम्म्याहून कमी जमीन शिल्लक राहील इतकी जमीन परत घेता येत नव्हती. परत घेतलेली जमीन मालकाने वर्षभरात स्वतः कसायला घेतली नाही, किंवा पुढील बारा वर्षांत कसणे सोडले, तर ती कुळास परत देणे बंधनकारक होते. जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असल्यास खरेदीची तारीख पुढे ढकलली जाते आणि अशा मालकांसाठी वेगळ्या मुदती आहेत.

कुळाने स्वतःहून जमीन सोडल्याचा दावाही सहज स्वीकारला जात नाही. राजीनामा लेखी हवा आणि तो कुळाने समजून व स्वेच्छेने दिल्याची पडताळणी तहसीलदारासमोर व्हावी लागते. कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा किंवा गावात पंचांसमोर दिलेला शब्द यासाठी पुरेसा नसतो. कुळाचा मृत्यू झाल्यावर त्याचे वारस कुळवहिवाट पुढे चालवू शकतात.

ताबा घेण्याचा एकच मार्ग

या संरक्षणाचा गाभा कलम २९ मध्ये आहे. कारण कितीही योग्य असले तरी मालकाने जमिनीचा ताबा स्वतः घ्यायचा नसतो. त्याला दोन वर्षांच्या आत तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो आणि चौकशीनंतर तहसीलदाराने आदेश दिला तरच ताबा मिळतो. याविरुद्ध वागून ताबा घेणाऱ्याचे पीक जप्त होऊ शकते आणि त्यावर दंड व खर्च बसू शकतो. ज्या कुळाला ताबा मिळण्याचा हक्क आहे, त्यालाही याच कलमाखाली दोन वर्षांच्या मुदतीत अर्ज करता येतो.

जुन्या बेकायदेशीर बेदखल्यांसाठी १९६९ मध्ये आणखी एक तरतूद झाली. १५ जून १९५५ रोजी ताब्यात असलेले कूळ १ एप्रिल १९५७ पूर्वी तहसीलदाराच्या आदेशाशिवाय हटवले गेले असेल आणि ३१ जुलै १९६९ रोजी जमीन मालकाकडे किंवा त्याच्या वारसाकडे असेल, तर तहसीलदाराने स्वतःहूनही चौकशी करून ती कुळास परत द्यावी, असे ती सांगते.

खरेदीचा हक्क

जमिनीची किंमत ठरवणे हे कलम ३२-ग खाली शेतजमीन न्यायाधिकरणाचे काम आहे. व्यवहारात ते तहसीलदार पाहतो. साधारण कुळासाठी किंमत जमीन आकारणीच्या २० पट ते २०० पट या मर्यादेत ठरते. चार एकर जमिनीची वार्षिक आकारणी १२ रुपये असेल, तर मूळ किंमत २४० ते २,४०० रुपयांच्या दरम्यान येते. थकलेला खंड आणि मालकाने केलेल्या विहीर-बांधकामाची किंमत तिच्यात मिळवली जाते. पूर्ण रक्कम भरल्यावर कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र खरेदीचा निर्णायक पुरावा मानले जाते. मात्र कूळ चौकशीला गैरहजर राहिले किंवा त्याने खरेदीस नकार दिला, तर खरेदी निष्फळ ठरू शकते. म्हणून या नोटिशीकडे दुर्लक्ष करणे कुळाला महागात पडते.

कृषक दिनानंतर नव्याने लागलेल्या कुळासाठी कलम ३२-ओ आहे. जमीन कसायला घेतल्यापासून एका वर्षाच्या आत त्याने खरेदीची इच्छा कळवायची असते. हा हक्क निर्माण होईल या भीतीने अनेक मालक लेखी करार टाळतात किंवा दरवर्षी बटाईदार बदलतात.

अनुसूचित क्षेत्रातील मर्यादा

कळवणमध्ये ‘कायदेशीरपणे’ या शब्दाला वेगळे वजन आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, गहाण ठेवता किंवा पट्ट्याने देता येत नाही. त्यामुळे परवानगी नसताना बिगर-आदिवासीने आदिवासीची जमीन कसली, तर त्या ताब्याच्या आधारे त्याला कुळाचे संरक्षण मागणे कठीण जाते. तसेच अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्यासंबंधीच्या १९७४ च्या अधिनियमाने, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासी कुळाने कूळ कायद्याखाली विकत घेतलेली आदिवासीची जमीनही ठरावीक अटींवर मूळ मालकास परत मिळण्याची सोय केली. म्हणजे कूळ आदिवासी असेल, तर कूळ कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. जमीनमालक आदिवासी असेल, तर त्याच्या मालकीचे रक्षण दुसरे कायदे करतात.

पुरावा

कूळ असल्याचा वाद प्रामुख्याने अभिलेखांवर ठरतो. सात-बारा उताऱ्यात कुळाचे नाव येते आणि पीक कोणी घेतले हे गाव नमुना १२ वरून कळते. जुन्या वर्षांचे उतारे, फेरफार आणि खंडाच्या पावत्या सर्वाधिक उपयोगी पडतात. खातेदाराऐवजी दुसराच जमीन कसताना आढळल्यास गाव नमुना १४ मध्ये तशी माहिती भरून तहसीलदाराला कळवण्याची पद्धत होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाइलवर स्वतः करतो. ही नोंद खातेदाराच्या खात्याशी जोडलेली असल्याने, मालकाने ती स्वतःच केली तर तोंडी बटाईदाराचे नाव कागदावर कोठेच उरत नाही.

उदाहरण

समजा, नाशिक शहरात राहणाऱ्या बिगर-आदिवासी मालकाची कळवण तालुक्यात चार एकर जमीन आहे. एक आदिवासी शेतकरी ती निम्म्या वाट्याने कसतो. बियाणे व मजुरी त्याची आणि पीक दोघांत वाटले जाते. दुसऱ्या वर्षी कांद्याची लागवड उभी असताना मालक ट्रॅक्टर घालून ताबा घेतो आणि ‘हा माझा मजूर होता’ असे सांगतो.

या शेतकऱ्याने पुढील क्रमाने जाणे योग्य ठरते. प्रथम तो कलम २९ खाली दोन वर्षांच्या मुदतीत ताब्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज करतो. मालक कुळवहिवाटच नाकारत असल्याने ‘हा कूळ आहे काय’ हा प्रश्न कलम ७०(ब) नुसार तहसीलदारच ठरवतो. मालक दिवाणी न्यायालयात गेला, तरी हा प्रश्न त्या न्यायालयाला स्वतः ठरवता येत नाही. कलम ८५-अ प्रमाणे तो तहसीलदाराकडे पाठवावा लागतो. शेतकरी शेजाऱ्यांची साक्ष, बियाण्याची व खताची बिले आणि कांदा विक्रीच्या बाजार समितीतील पावत्या मांडतो. तो मजुरीवर नव्हे, तर हिश्शावर कसत होता हे यांवरून दिसले, तर मजुरीचा अपवाद त्याला लागू होत नाही. निर्णय विरुद्ध गेल्यास साठ दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील आणि त्यानंतर महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो.

या शेतकऱ्याने पहिल्या वर्षात खरेदीची इच्छा कळवली नसेल, तर त्याचा खरेदीचा हक्क अडचणीत येतो. तरीही त्याला काढण्यासाठी आदेश लागतो. ट्रॅक्टर घालून घेतलेला ताबा त्यामुळे कायदेशीर होत नाही. परंतु त्याच्याकडे एकही कागद नसेल आणि साक्षीदार मालकाच्या बाजूने गेले, तर कायदा अनुकूल असूनही प्रकरण टिकणे अवघड होते.